चार लाखांत बसवलेला ओटा

रतन तांबे यांना कोपरच्या त्यांच्या सोसायटीत तांबे म्हणून कोणी ओळखत नाही. सगळे त्यांना राउंडशेठ म्हणतात, तेही तोंडावर, आणि रतनराव त्यावर खूश असतात. वस्तू कुठलीही असो, किंमत कितीही असो, समोरच्याने आकडा सांगितला की रतनराव मान एका बाजूला कलती करतात आणि म्हणतात, "राउंड करून टाका ना." अडुसष्टचे साठ होतात, साडेअकराशेचे हजार होतात. पाटी 'एकच भाव' अशी असली तर त्यांना जास्तच चेव येतो.

माणूस कंजूष मात्र नाही, हे आधीच सांगून ठेवतो. भाजीवालीकडून वीस रुपये सोडवतील आणि तिथल्या तिथे तिलाच चहा पाजतील. त्यांना पैसा नको असतो, जिंकायचं असतं. वागळे इस्टेटमधल्या एका पॅकिंग कंपनीत ते डिस्पॅच बघतात. तिथे आयुष्य गेलं खोकी मोजण्यात आणि ट्रकवाल्यांशी भाड्यावरून घासाघीस करण्यात. ही सवय अंगात इतकी मुरली की स्वतःच्या लग्नात त्यांनी बँडवाल्यालासुद्धा सोडलं नाही. भाव जवळजवळ अर्ध्यावर आणला. वरात निघाली आणि कोणाच्या तरी लक्षात आलं की गाण्याचे सूर कुठेच लागत नाहीत, नुसताच दणदणाट चाललाय. क्लॅरिनेटवाला आलाच नव्हता. रतनराव ही गोष्ट आजही रंगवून सांगतात, पण ऐकणाऱ्याने हसायचं असतं ते बँडवाल्याला. त्या वरातीत आपल्याला काय मिळालं नाही, हा विचार त्यांच्या डोक्यात कधी शिरला नाही.

भावाच्या बाबतीत रतनरावांची एकच पद्धत होती. शेवटचा आकडा बघायचा. वरच्या ओळी दुकानदाराने स्वतःच्या समाधानासाठी लिहिलेल्या असतात, असं त्यांचं मत होतं.

त्यांच्या पत्नी विनिताबाई घरून पुरणपोळ्या आणि फराळाच्या ऑर्डरी घेतात. पोळी अशी की एकदा खाल्लेला माणूस पुन्हा फोन करतोच. पण हा सगळा व्यवसाय त्यांनी बावीस वर्षं एका पाटावर उभं राहून केला. बिल्डरने स्वयंपाकघरातला ओटा चौतीस इंचांचा बांधला होता, कोणाला डोळ्यांसमोर ठेवून ते त्यालाच ठाऊक, आणि विनिताबाईंची उंची पावणेपाच फुटांच्या आतबाहेर. पाटावर उभं राहिलं तरच लाटण्याला जोर लागायचा. गेल्या गणपतीत गौरीच्या जेवणाची ऑर्डर करताना पाट सरकला, बाई पडल्या आणि महिनाभर मनगट प्लास्टरमध्ये राहिलं. त्यातून उजवा खांदा आधीच दुखरा. डॉक्टर म्हणाले, हात सारखे वर उचलून काम करता, दुसरं काय होणार?

प्लास्टर निघालं त्या दिवशी विनिताबाईंनी ऑर्डरींतून साठवलेले दोन लाख नवऱ्यासमोर ठेवले आणि म्हणाल्या, "अहो, यात तुमचे घाला आणि किचन-बाथरूमचं काम काढा. टाइल्स कुठल्याही लावा, रंग कुठलाही द्या. मला काहीच बोलायचं नाही. फक्त ओटा माझ्या उंचीचा हवा."

एवढंच मागणं. आमच्या मते ते मागणंही नव्हतं, हक्क होता. पण मागितलं त्यांनी.

रतनरावांनी सोसायटीतल्या दोन घरांचं काम केलेल्या आनंद नावाच्या कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. पस्तिशीचा, हसतमुख पोरगा. त्याचं ऑफिस कोपर स्टेशनजवळच्या एका गाळ्यात होतं. तो टेप घेऊन आला, भिंती मोजल्या, बाथरूमच्या फरश्यांवर नाण्याने टकटक करून कुठे पोकळ वाजतं ते ऐकलं आणि चार दिवसांनी कोटेशन घेऊन घरी आला. तीन पानं. प्रत्येक ओळीत काम, माप, भाव आणि रक्कम. खाली 'यात समाविष्ट नाही' असा एक वेगळा चौकोन, त्याखाली पैसे कधी किती द्यायचे त्याचे टप्पे.

"काका, एकदा ओळीओळीने बघून घेऊ," आनंद म्हणाला. "म्हणजे नंतर तुमचं-माझं वाजायला नको."

"टोटल किती?" रतनराव म्हणाले.

"चार लाख बासष्ट हजार."

रतनरावांची मान कलती झाली. "चार करून टाक."

आनंद हसला. "काका, बासष्ट हजार म्हणजे राउंड नाही, खड्डा आहे."

"तू विचार कर रे. मी काही घाई केलीय का?"

आठवडाभर फोनाफोनी चालली. रतनरावांनी जुनी सगळी हत्यारं काढली. समोरच्या गल्लीतला एक जण साडेतीनमध्ये करतोय असं सांगितलं, जे खोटं होतं. सोसायटीतली अजून चार कामं तुलाच मिळवून देतो म्हणाले, जे अर्धं खोटं होतं. शेवटी गुरुवारी दुपारी ते ऑफिसात असताना आनंदचा फोन आला.

"काका, चारमध्ये बसवतो. पण मग काही गोष्टी बदलाव्या लागतील. ओटा आहे तोच ठेवून..."

मागे ट्रक लागत होता, ड्रायव्हर हॉर्न मारत होता आणि रतनरावांच्या कानात फक्त 'चार' शिरलं. "अरे, तुला जे बसवायचं ते बसव, आकडा चारच्या वर नको," ते ओरडले आणि जिंकल्याच्या आनंदात त्यांनी अख्ख्या डिस्पॅचला वडापाव खिलवले.

संध्याकाळी नवीन कोटेशन मोबाईलवर आलं. रतनरावांनी बोटाने सर्रकन शेवटच्या पानावर नेलं. चार लाख फक्त. त्यांनी ते विनिताबाईंना दाखवलं. म्हणजे आकडा दाखवला.

"ओट्याचं लिहिलंय ना त्यात?" त्यांनी विचारलं.

"सगळं आहे गं त्यात. सोमवारी काम सुरू," रतनराव म्हणाले. विनिताबाईंनी या कामापायी दिवाळीपूर्वीच्या दोन ऑर्डरी नाकारल्या होत्या, त्या गोष्टीचं आता त्यांना काही वाटेनासं झालं. त्या रात्री जेवताना त्या नव्या ओट्यावर मिक्सर कुठे ठेवायचा यावर बराच वेळ बोलत राहिल्या.

आता शनिवारची गोष्ट. कंपनीतले साईनाथ सावंत वर्तकनगरला राहतात. त्यांनाही बाथरूमचं काम काढायचं होतं आणि त्यांच्या कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन आलं होतं. भाव पाडायचा तर राउंडशेठांचा सल्ला हवाच, म्हणून त्यांनी रतनरावांना अर्धा दिवस भरल्यावर घरी जेवायला नेलं. रतनरावांनी आपली दोन्ही कोटेशनं ऑफिसच्या प्रिंटरवर छापून बरोबर घेतली होती. आधीचं आणि नंतरचं. एखाद्याने शिकार करून वाघाचं कातडं दाखवावं तसे ते कागद त्यांनी टेबलावर मांडले.

साईनाथांच्या पत्नी योगिनी शाळेत शिक्षिका. त्यांना कुठलाही कागद दिला तर तो पहिल्या ओळीपासून वाचायची सवय. तिसऱ्या पानावर उडी मारता येते हे त्यांना माहीतच नव्हतं.

"बासष्ट हजार!" साईनाथ म्हणाले. "तांबे, लेका, जादू कशी केलीस ती सांग."

"जादू कसली? दमाने घ्यायचं. त्याला वाटलं पाहिजे की हा माणूस उठून जाईल."

योगिनी दोन्ही पहिली पानं शेजारी शेजारी ठेवून बघत होत्या. "भाऊजी, पण वायरिंगच्या पॉइंटचा भाव दोन्हीकडे तोच आहे."

"असेल. मग दुसरीकडे कमी केला असेल."

"रंगाचाही तोच. प्लंबिंगचाही तोच. हॉलमधलं फॉल्स सीलिंग एकशे चाळीस स्क्वेअर फूट, एकशे दहाचा भाव, पंधरा हजार चारशे. दोन्हीकडे अगदी तसंच."

साईनाथही आता खुर्ची ओढून बसले. त्यांना स्वतःच्या कोटेशनसाठी हे शिकायचंच होतं. "मग गेले कुठे बासष्ट हजार?"

हा प्रश्न रतनरावांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. पैसे कमी झाले की ते कमी होतात. ते कुठून कमी झाले, हे बघायची काय गरज? पण टेबलावरची दोन माणसं उत्तराची वाट बघत होती, आणि वरण थंड होत होतं.

"हे बघा," योगिनी म्हणाल्या. "पहिल्यात बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आहे, अठ्ठ्याऐंशी स्क्वेअर फूट, दीडशेचा भाव. तेरा हजार दोनशे. दुसऱ्यात ती ओळच नाहीये."

"राहिली असेल टायपिंगमध्ये."

"नाही, ही खाली आहे. 'यात समाविष्ट नाही' मध्ये. आणि तिच्याखाली 'डेब्रिज उचलून बाहेर टाकणे'. पहिल्यात त्याचे बारा हजार धरलेले."

साईनाथ हसू दाबत म्हणाले, "म्हणजे फोडलेल्या विटा-फरश्यांच्या गोण्या तू स्वतः डोक्यावरून नेणार का रे?"

रतनरावही हसले, पण त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. त्यांच्या सोसायटीत डेब्रिजची एक गोणी जरी कंपाउंडमध्ये राहिली तरी सेक्रेटरी डिपॉझिटमधून पैसे कापतो. आणि जुन्या फरश्या उखडून, वॉटरप्रूफिंग न करता नव्या बसवल्या, तर खाली दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कामतांच्या छतावर ओलीचे नकाशे उमटायला किती दिवस लागतील? मग वरची नवी फरशी पुन्हा फोडा.

टाइल्सची ओळही सापडली. तीनशे तीस स्क्वेअर फूट दोन्हीकडे, पण टाइलचा मूळ भाव पासष्टवरून पंचेचाळीसवर. म्हणजे भाव पडला नव्हता, टाइल हलकी झाली होती. तिथे सहा हजार सहाशे.

रतनराव मनातल्या मनात बेरीज करत होते. खोकी मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला बेरीज चुकत नाही, ती करायची बुद्धी फक्त उशिरा होते. तीस हजारांच्या आसपास अजून शिल्लक होते, आणि त्यांना एकदम वाटलं की योगिनींनी आता पुढची ओळ वाचू नये.

म्हणून ती त्यांनीच वाचली. बोट ठेवून, हळूहळू.

पहिल्या कोटेशनमध्ये लिहिलं होतं: जुना ओटा पूर्ण तोडणे, सिंकची ड्रेन लाइन खाली घेणे, नवीन ओटा कडप्प्याच्या आधारावर, वर ग्रॅनाइट, उंची घरमालकाच्या सांगण्याप्रमाणे, चौदा रनिंग फूट, भाव बत्तीसशे. चव्वेचाळीस हजार आठशे. आणि तोडफोडीचे वेगळे अठ्ठावीस हजार.

दुसऱ्यात लिहिलं होतं: जुना ओटा कायम ठेवून त्यावर नवीन ग्रॅनाइट बसवणे, चौदा रनिंग फूट, भाव एकोणीसशे. सव्वीस हजार सहाशे. ओटा तोडायचाच नसल्याने तोडफोड सोळा हजार.

"म्हणजे उंची तीच राहणार," साईनाथ म्हणाले.

"तीच नाही," रतनराव म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "जुन्यावर नवीन दगड आणि त्याखाली सिमेंटचा माल. दीड इंच अजून वाढणार."

रतनरावांच्या डोळ्यांसमोर आनंदचा फोन उभा राहिला, तो हॉर्न, ते अर्धं वाक्य. पोराने सांगितलं होतं. फसवलं नव्हतं. आकडा त्यांनी दिला आणि त्या आकड्यात मावेना ते त्याने बाहेर काढलं. बासष्ट हजारांच्या त्या विजयात आनंदच्या खिशाला एका रुपयाचीही झळ बसली नव्हती. बसली होती ती फक्त विनिताबाईंना, आणि त्यांचे स्वतःचे दोन लाख त्यात घातलेले.

"पैशांचे टप्पेही बदललेत," योगिनी जरा हळू आवाजात म्हणाल्या. आता त्यांनाही वाईट वाटत होतं, पण कागद अर्धा सोडणं त्यांना जमत नव्हतं. "आधी पंधरा टक्के ऑर्डरला. मग पंचवीस टक्के, प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर, बाथरूममध्ये पाणी भरून ठेवून गळत नाही हे बघितल्यावर. टाइल्स आणि ओटा झाला की तीस, वायरिंग-रंग झाला की वीस. आणि शेवटचे दहा काम संपल्यावर पंधरा दिवसांनी. आता चाळीस आधी, चाळीस माल आला की, आणि वीस शेवटी."

म्हणजे एक लाख साठ हजारांचा चेक सोमवारी द्यायचा, अजून एक फरशीही न उखडलेली असताना. चेक लिहून तयार होता. रतनरावांच्या शर्टाच्या खिशातच होता.

जेवण कसंबसं उरकून ते निघाले. साईनाथांनी दारात खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तांबे, माझ्या कॉन्ट्रॅक्टरशी मीच बोलतो रे." त्यात टोमणा नव्हता, पण लागला.

कोपरला उतरून रतनराव घरी न जाता थेट आनंदच्या गाळ्यावर गेले. आनंद एका नळाचा खोका उघडून बसला होता. त्याने स्टूल पुढे केलं आणि मनातल्या मनात कंबर कसली, कारण राउंडशेठ न सांगता आले म्हणजे अजून दहा-वीस हजारांचं काहीतरी काढणार.

"आनंद," रतनराव म्हणाले, "भाव वाढव."

आनंदच्या हातातला नळ खोक्यात पडला. "काय म्हणालात काका?"

"वाढव म्हणतोय. ओटा तोडायचा आहे. पहिल्यात होता तसा."

"अहो, मी तुम्हाला फोनवर सांगत होतो..."

"माहितीये. तू सांगत होतास आणि मी ट्रकवाल्यावर ओरडत होतो. तुझी काही चूक नाही." हे वाक्य रतनरावांनी कुठल्याही विक्रेत्यासमोर आजवर उच्चारलं नव्हतं, आणि ते बोलताना त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "पण एक विचारू का? तुला कळलं नाही का रे, आम्ही काम कशासाठी काढलंय ते? काकूंना पाटावर उभं राहिलेलं बघितलंस ना माप घ्यायला आलास तेव्हा?"

आनंदने मान खाली घातली. "बघितलेलं. पण मी म्हटलं, तुमचं घरात बोलणं झालं असेल. चार-चार करत होतात रोज, मला वाटलं ओटा नको असेल आता. मी काढायला नको होता, ते पण खरंय."

मग आनंदने लॅपटॉप उघडला आणि या खेपेला रतनरावांनी स्टूल त्याच्या बाजूला ओढून घेतलं. पहिल्या ओळीपासून. ओटा परत आला. तोडफोड पूर्ण झाली. वॉटरप्रूफिंग परत आलं, आणि त्यापुढे रतनरावांनी लिहून घेतलं की गळती झाली तर दुरुस्ती किती वर्षं आनंद स्वखर्चाने करील. डेब्रिज परत आलं, सोसायटीच्या गेटबाहेरपर्यंत नव्हे तर महापालिका सांगेल तिथपर्यंत. जिथे माप होतं तिथे शेवटचं बिल प्रत्यक्ष मोजून होणार, हेही आनंदने दाखवलं. ते पहिल्यापासून लिहिलेलंच होतं.

"टाइल पासष्टची का पंचेचाळीसची?" आनंदने विचारलं.

"पंचेचाळीसचीच ठेव. तुझी काकू म्हणालेली, कुठलीही चालेल. पण चालेल म्हणजे उद्या दुकानात तीच येऊन निवडेल."

"आणि?"

रतनरावांनी फॉल्स सीलिंगच्या ओळीवर बोट ठेवलं. ती त्यांची स्वतःची हौस. क्रिकेटची मॅच लावून, वरचे पिवळे दिवे मंद करून सोफ्यावर पडायचं, असं त्यांनी कुठल्याशा जाहिरातीत बघून ठरवलेलं. "हे काढ," ते म्हणाले. "पूर्ण काढ. त्याऐवजी दुसरं हलकं काही घालू नकोस."

टोटल चार लाख चाळीस हजार आली. रतनरावांनी ती बघितली, मान सरळ ठेवली आणि पुढे विचारलं, "आता टप्पे." टप्पे पहिल्यासारखे झाले. ऑर्डरला सहासष्ट हजार. खिशातला एक लाख साठचा चेक त्यांनी काढून तिथेच उभा फाडला. आनंदने त्याचे तुकडे गोळा करून कचऱ्यात टाकले आणि बाहेरून दोन कटिंग मागवले. त्याचे पैसे आज त्याने दिले.

"एकच राहिलं काका," तो म्हणाला. "ओट्याची उंची. ही जागा मी पहिल्या दिवसापासून रिकामी ठेवलीय. किती लिहू?"

बावीस वर्षांचा संसार, आणि बायकोला ओटा किती उंच हवा हे रतनरावांना सांगता येईना.

"तसं सोपं आहे. काकूंना चप्पल न घालता जमिनीवर उभं करायचं, हात कोपरात वाकवायचा, आणि कोपराच्या खाली पाचेक इंच. पण लाटणं चालवायचं म्हणजे त्यांना स्वतःला काय बरं वाटतं ते बघा. मी टेप देतो."

रतनराव टेप घेऊन घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. विनिताबाई हॉलमध्ये जुन्या वर्तमानपत्रांत भांडी गुंडाळून खोक्यात भरत होत्या. सोमवारची तयारी. रतनराव त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. वर्तकनगर, बेरीज, जुना ओटा कायम, दीड इंच अजून. काही लपवलं नाही, स्वतःला सोडवलंही नाही. चाळीस हजार जास्त लागतील, ते मी माझ्या बोनसमधून देईन, हेही सांगितलं.

विनिताबाईंच्या हातातली कढई अर्धी गुंडाळलेली तशीच राहिली.

"मी विचारलेलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "ओट्याचं लिहिलंय ना, म्हणून. तुम्ही वाचलं नव्हतं."

"नाही वाचलं."

"मग 'सगळं आहे' का म्हणालात?"

विनिताबाई बऱ्याच रागावल्या होत्या. त्यांनी कढई पूर्ण गुंडाळली, खोक्यात ठेवली, झाकण दाबून बसवलं, आणि मग हात पुसत उठल्या. "चला. घ्या माप."

स्वयंपाकघरातल्या रिकाम्या भिंतीपाशी त्या नुसत्या फरशीवर उभ्या राहिल्या. रतनराव गुडघ्यांवर बसले, टेपचं टोक जमिनीला टेकवलं. विनिताबाईंनी हातात लाटणं घेतलं आणि हवेतच लाटायला सुरुवात केली. आधी सवयीने हात छातीशी गेले, खांदे कानांकडे चढले.

"खाली आण," रतनराव म्हणाले. "ओटा तिथे आहे असं समजू नकोस. तुला कुठे हवाय तिथे लाट."

"मला कुठे हवाय तिथे?"

"हो."

हात थोडे उतरले. अजून थोडे. एका ठिकाणी येऊन लाटणं सहज फिरायला लागलं आणि दोन्ही खांदे आपोआप खाली बसले. विनिताबाई थांबल्याच. मग पुन्हा लाटून बघितलं, पुन्हा तिथेच.

"साडेतीस," रतनरावांनी टेपवर बघून सांगितलं.

"म्हणजे साडेतीन इंचच खाली?" विनिताबाईंना खरंच वाटेना. "एवढंच?"

"एवढंच."

त्याच उंचीवर हात धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. "मला वाटायचं, मीच बुटकी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे."

रतनरावांनी भिंतीवर पेन्सिलने एक आडवी रेघ मारली, ठळक, दोनदा गिरवून. मग गुडघ्यांवर बसल्या बसल्याच आनंदला फोन लावला.

"साडेतीस इंच लिही," ते म्हणाले. "आणि कागद घेऊन उद्या सकाळी घरी ये. आधी सगळं वाचून दाखवायचं, ओळीओळीने. मला नाही रे, काकूंना. सही त्या करणार आहेत."